सिलिॲक : घरात पोळी नाही, तरी मुलीचा टीटीजी खाली येईना. गिरणी, ओट्स की आणखी काही?

शेवंतीची_वेणी | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण काय विचारायचं तेच नीट कळत नाहीये.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. चौदा महिन्यांपूर्वी तिला सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार, असल्याचं निदान झालं. उंची दीड वर्ष तिथंच अडकली होती, हिमोग्लोबिन ८.४, आणि लोहाची औषधं देऊनही वाढेना. टीटीजी आयजीए, म्हणजे या आजाराची रक्ततपासणी, २०० च्या वर आला (आमच्या लॅबची मर्यादा २० आहे). एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडाही तपासला. त्या दिवसापासून तिच्या ताटात गहू नाही. आम्ही दोघं आणि सासूबाईही घरात पोळी खात नाही. तवा, पोळपाट, चाळणी सगळं नवीन घेतलं.

सहा महिन्यांनी टीटीजी ११८, दहा महिन्यांनी ७१. आम्ही खूश. आणि परवा चौदाव्या महिन्याचा आला ६८. म्हणजे चार महिन्यांत जवळपास हललाच नाही. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी थोडं थोडं ग्लुटेन जातंय, शोधा."

ती काय खाते ते सांगते. दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी, कधी नाचणीची. भात-वरण-भाजी. आठवड्यातून तीनदा सकाळी ओट्स, साधे, दुकानात मिळतात ते. संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू, नाहीतर नाचणीचं सत्त्व दुधात. ज्वारी किराणा दुकानातून सुटी आणते आणि पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीतून पाच-पाच किलो दळून आणते. गिरणीवाल्यांना दर वेळी सांगते की आधी ज्वारीच दळलेली असेल तेव्हाच माझा डबा लावा. ते लावतातही.

मग चुकतंय कुठं?

---

मिरजेची_वीणा | सोमवार, रात्री १०:४०

ताई, ज्वारीवर ज्वारी एवढं पुरत नाही. मी काय करते सांगू? सोबत किलोभर तांदूळ नेते, ते आधी दळायला लावते आणि ते पीठ गाईला घालते. तांदळाने गिरणी आतून धुऊन निघते. मग आपलं धान्य. माझ्या जावेच्या मुलाला हाच आजार आहे, तिचं गेली तीन वर्षं असंच चाललंय आणि त्याला काही त्रास होत नाही.

---

नमुना_क्रमांक_सात | सोमवार, रात्री ११:२५

मी अन्नधान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. पिठातलं ग्लुटेन मोजणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. हा हिशेब डोक्यात बसला की बाकीचं आपोआप दिसायला लागतं.

आपल्याकडे एफएसएसएआयच्या नियमानुसार 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यालाच २० पीपीएम म्हणतात. आता गव्हाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन असतो. म्हणजे २० मिलिग्रॅम ग्लुटेन यायला किती गहू लागतो? २०० मिलिग्रॅम. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा भरतो. किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा गाठली. पिठात मोजायचं तर चिमूटभर कणीक.

म्हणून 'ज्वारीत ग्लुटेन नसतं' हे वाक्य खरं आहे, पण ते शेतातल्या कणसाबद्दल खरं आहे. तुमच्या डब्यातल्या पिठाबद्दल ते खरं असेलच असं नाही. अमेरिकेत २०१० मध्ये दुकानातली, मुळात ग्लुटेन नसलेली धान्यं आणि पिठं तपासली होती. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' असं काही लिहिलेलं नव्हतं. २२ नमुन्यांपैकी ७ नमुने २० पीपीएमच्या वर निघाले, आणि त्यात मिलेटचं आणि ज्वारीचंही पीठ होतं.

शेवंतीताई, तुम्हाला तीन कामं सांगतो. एक, घरातली न दळलेली ज्वारी किलोभर मोजून ताटात घ्या आणि गव्हाचे दाणे वेचून मोजा. दोन, ओट्स, सत्त्व, लाडू, मसाले, हिंग या सगळ्यांच्या पाकिटावरचा घटकांचा मजकूर जसाच्या तसा इथं लिहा. तीन, गिरणीत जाऊन आज दिवसभरात किती गहू दळला ते विचारा.

वीणाताई, तुमच्या तांदळाबद्दल उद्या लिहितो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

---

फिट_अँड_फाइन_७८ | मंगळवार, सकाळी ७:०५

खूप छान धागा! मी पण सहा महिन्यांपासून ग्लुटेन सोडलंय. साडेचार किलो वजन उतरलं. सकाळी ओट्स, दुपारी ज्वारी, आणि पोळी खावीशी वाटली तर खपली गव्हाची. खपलीत ग्लुटेन नसतं, जुनं देशी वाण आहे ते. मुलीला खपली देऊन बघा, हळूहळू सवय होईल.

---

नमुना_क्रमांक_सात | मंगळवार, सकाळी ७:३०

कृपा करून हे करू नका. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सिलिॲक असणाऱ्याला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य आहे. या आजारात 'सवय' होत नाही. शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं, आणि पोटात दुखलं नाही तरी करतं. तुम्ही वजनासाठी गहू कमी केला असेल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे, या मुलीचा वेगळा.

जव, म्हणजे बार्ली, त्याचंही तेच. सातूचं पीठ 'हलकं' म्हणून मुलांना देतात, पण त्यात कुठं जव असतात, कुठं गहू असतो. तेही बंद.

---

पायवाट_२२ | मंगळवार, सकाळी ९:१५

माझ्या भावालाही जेवल्यावर पोट फुगतं, अशक्तपणा आहे. हे वाचून वाटलं उद्यापासून त्याचा गहू बंद करून बघावा. महिनाभराने बरं वाटलं तर टेस्ट करू.

---

शेवंतीची_वेणी | मंगळवार, सकाळी ९:५०

दादा, उलटं करा हो. आधी तपासणी, मग गहू बंद. आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की गहू खात असतानाच रक्त तपासायचं, नाहीतर टीटीजी उतरलेला दिसतो आणि आजार असून नाही असा रिपोर्ट येतो. पुढे निदान करायचं तर परत कित्येक आठवडे गहू खायला लावतात, तो त्रास वेगळाच.

---

जात्याचा_खुंटा | मंगळवार, दुपारी २:२०

आमची गिरणी आहे, वडिलांपासून. मी नेहमी नुसता वाचतो, पण आज लिहितो, कारण ताई गिरणीवाल्याला सांगून येतात आणि निश्चिंत होतात. तो खोटं बोलत नसेल. पण त्यालाही माहीत नसतं की चिमूटभराने बिघडतं.

दगडाची चक्की आतून कशी असते ते सांगतो. दोन दगड, त्यांच्याभोवती लोखंडी कवच. दळलेलं पीठ दगडाच्या कडेने बाहेर फेकलं जातं, कवचात फिरतं आणि तोंडाने खाली येतं. त्या तोंडाला आम्ही कापडाची बाही बांधतो, पीठ उडू नये म्हणून. चक्की बंद केली की कवचाच्या तळाला, दगडावर टाकी मारून केलेल्या खाचांमध्ये आणि बाहीच्या घड्यांत पीठ राहतं. पुढच्याचं दळण सुरू झालं की आधी ते निघतं. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं ना, 'माझ्या ज्वारीच्या पिठात कणकेचा रंग दिसतो', ते खरंच असतं.

ज्वारीवर ज्वारी लावली तरी त्याच्या आधी काय होतं? आमच्याकडे सकाळी सात ते अकरा नुसता गहू. मग एखादा डबा ज्वारीचा. मग ताईंचा. पहिल्या ज्वारीने बरंचसं काढलं, सगळं नाही. बाही तर आम्ही आठवड्यातून एकदा झटकतो, धूत नाही. शिवाय गिरणीत बघा, भिंतीवर, वायरींवर, पंख्यावर पांढरा थर असतो. तो हवेतून बसलेला असतो. उघड्या डब्यात तोच बसतो.

काल रात्री मुद्दाम करून बघितलं. गव्हाचं दळण संपल्यावर चक्की रिकामी फिरवली, पीठ येणं थांबलं. मग कवच उघडून ब्रशने झाडून काढलं आणि वजन केलं. २१० ग्रॅम कणीक निघाली. रिकामी फिरवून झाल्यावर हं!

---

नमुना_क्रमांक_सात | मंगळवार, रात्री ९:००

खुंटादादा, हे मोजून सांगितल्याबद्दल मनापासून धन्यवाद. असं कुणी सांगत नाही.

आता याच आकड्याने वीणाताईंच्या तांदळाकडे बघू. किलोभर तांदूळ दळला की या २१० ग्रॅममधला मोठा भाग त्याच्यासोबत जाईल, हे नक्की. समजा ९५ टक्के गेला. उरली साधारण १० ग्रॅम कणीक. ती सगळी शेवंतीताईंच्या पाच किलो ज्वारीत आली, तर १० ग्रॅम कणकेत १ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे १००० मिलिग्रॅम, भागिले पाच किलो. झाले २०० पीपीएम. मर्यादेच्या दहापट. ९५ टक्के हा आकडा मी हिशेबापुरता धरलाय, प्रत्येक चक्कीत वेगळा असणार. मुद्दा एवढाच की 'बरंचसं निघालं' आणि 'पुरेसं निघालं' यात फार मोठं अंतर आहे, आणि ते डोळ्याला दिसत नाही. शिवाय बाहीवर आणि हवेत असलेल्या पिठाला तांदूळ काहीच करत नाही.

जावेच्या मुलाला त्रास होत नाही म्हणालात. त्याचा टीटीजी अलीकडे कधी केलाय? लक्षणं नसणं आणि आतडं बरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

मिरजेची_वीणा | मंगळवार, रात्री ९:४५

दीड वर्षापूर्वी केला होता. तिला सांगते करायला.

पण एक विचारते, रागावू नका. खेड्यात राहणाऱ्या माणसाने काय करायचं? घरघंटी पंधरा-वीस हजारांची असते. प्रत्येकाला परवडते का? तांदूळ दळून टाकणं निदान काही न करण्यापेक्षा बरं ना?

---

नमुना_क्रमांक_सात | मंगळवार, रात्री १०:१०

हो, बरं आहे. काहीच पर्याय नसेल तर करावं. फक्त त्यावर विसंबून तपासणी सोडू नये. तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, ताई. धुऊन भिजवलेलं धान्य घरच्या मिक्सरमध्ये वाटणं हा एक मार्ग आहे. तांदळाची, नाचणीची आंबोळी, घावन, इडली, वरईचा भात हे पदार्थ गिरणीशिवाय होतात. भाकरीसाठी मात्र पीठच लागतं.

---

जात्याचा_खुंटा | मंगळवार, रात्री १०:३०

जुनं हाताचं जातं असेल कुणाकडे, ज्यावर गहू दळला जात नाही, तर एका मुलापुरतं पीठ त्यावर निघतं. आमच्या आईने परवापर्यंत दळलंय. पण त्यावरही कधी गहू दळला असेल तर दगडाला पुन्हा टाकी लावून घ्या, आणि पहिलं दोन-तीन किलो दळण टाकून द्या. तरीही खात्री मी देणार नाही.

---

यारा_नदीकाठी | बुधवार, सकाळी ६:२०

मेलबर्नहून लिहितेय. मला स्वतःला सिलिॲक आहे, बारा वर्षं झाली. सगळे गिरणीवर बोलताय, पण मी तर आधी ओट्स बंद केले असते.

इथं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये कुठल्याही ओट्सवर 'ग्लुटेन फ्री' लिहिताच येत नाही, कायद्यानेच. कितीही शुद्ध असले तरी. युरोपात आणि अमेरिकेत २० पीपीएमच्या आत असतील तर लिहिता येतं. एकच दाणा, पण देश बदलला की नियम बदलतो. तिकडून आलेलं 'ग्लुटेन फ्री ओट्स' पाकीट आणि भारतातलं साधं 'ओट्स' पाकीट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आधी समजून घ्या.

---

नमुना_क्रमांक_सात | बुधवार, सकाळी ८:४०

अगदी बरोबर. ओट्समध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

पहिला प्रश्न भेसळीचा. ओट्स ज्या शेतात होतात तिथंच आलटून-पालटून गहू आणि बार्ली घेतात. तेच कापणी यंत्र, तोच ट्रक, तेच गोदाम. आणि बार्लीचा दाणा ओट्सच्या दाण्यासारखाच लांबट असल्यामुळे चाळणीने वेगळा होत नाही. ज्वारीतून गहू हाताने वेचता येतो, नाचणीतून तर साध्या चाळणीने वर राहतो. चपट्या झालेल्या ओट्समधून बार्ली वेचणं घरी अशक्य आहे. साध्या ओट्सच्या पाकिटात शेकड्याने पीपीएम सापडलेले आहेत. म्हणून साधे ओट्स बंद, यात चर्चा नाही.

दुसरा प्रश्न शुद्ध ओट्सचा. त्यात ॲव्हेनिन नावाचं प्रथिन असतं. बहुतेक सिलिॲक रुग्णांना ते चालतं, थोड्यांना त्याचाच त्रास होतो. कोणाला होईल हे आधी कळत नाही. आणि आम्ही प्रयोगशाळेत जी आर-५ एलायझा चाचणी करतो, तिला ॲव्हेनिन दिसत नाही. ती गहू, बार्ली, राय एवढंच पकडते. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ आला तरी तो 'भेसळ नाही' एवढंच सांगतो.

आणखी एक अडचण. दाण्यात भेसळ सारखी पसरलेली नसते. दहा वाट्या स्वच्छ असतात आणि अकराव्या वाटीत बार्लीचा अख्खा दाणा असतो. मी चमचाभर नमुना घेतला आणि तो दाणा त्यात आला नाही, तर माझा रिपोर्ट 'शून्य'. म्हणून दाणे आले तर आम्ही आधी किलोभर माल एकत्र दळून घेतो, मग त्यातला नमुना काढतो.

माझं मत असं की, टीटीजी मर्यादेत आल्यावर, डॉक्टरांना विचारून, प्रमाणित ओट्स थोड्या प्रमाणात सुरू करून बघायला हरकत नाही. आत्ता ६८ असताना मुळीच नाही, कारण मग कशामुळे काय होतंय ते कळणार नाही.

---

यारा_नदीकाठी | बुधवार, सकाळी १०:०५

मी सुरू केले होते, प्रमाणितच. दोन महिन्यांत पुन्हा सगळा त्रास. इथल्या डॉक्टरांनी बायोप्सी करून मगच सांगितलं की नको. आठ वर्षांच्या मुलीवर हा प्रयोग कशाला? पोहे आहेत, उपमा वरईचा होतो.

---

नमुना_क्रमांक_सात | बुधवार, सकाळी १०:३०

तुमचा अनुभव खरा आहे आणि तो नोंदवला जायला हवा. पण सगळ्यांचा तसा नसतो. या बाबतीत देशोदेशीच्या तज्ज्ञांतच एकमत नाही, तर आपण इथं कसं करणार. निर्णय त्यांचे डॉक्टर घेतील.

---

शेवंतीची_वेणी | गुरुवार, रात्री ११:५०

तिन्ही कामं केली. दोन रात्री गेल्या, पण केली.

ज्वारी. किलो मोजली, मोठ्या परातीत दिव्याखाली मूठ-मूठ पसरून निवडली. सासूबाई आणि मी. गव्हाचे अकरा दाणे निघाले. शिवाय दोन हरभऱ्याचे, एक करडईचा. सासूबाई म्हणाल्या, "रब्बीची ज्वारी आहे, गहू-हरभरा एकाच खळ्यावर, एकाच मळणी यंत्रातून जातो. दाणे येणारच." त्या सोलापूरकडच्या, त्यांना शेतातलं माहीत. आम्ही आजवर खडे बघून ज्वारी निवडत होतो, गव्हाचा दाणा दिसला तरी 'धान्यच आहे' म्हणून सोडून देत होतो.

गिरणी. विचारलं. दिवसाला दीडशे किलोच्या वर गहू, ज्वारी-बाजरी मिळून वीस-पंचवीस किलो. चक्की एकच.

आता पाकिटं. जशीच्या तशी लिहिते.

ओट्स. घटक : ओट्स. त्याखाली अगदी बारीक अक्षरात : 'कंटेन्स ओट्स. मे कंटेन व्हीट.' चौदा महिने मी 'घटक : ओट्स' एवढंच वाचत होते.

हिंग. घटक : खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. यात गव्हाचं पीठ!! रोजच्या वरणात, भाजीत, ताकात!

नाचणी सत्त्व. पुढे मोठं नाचणीचं कणीस. घटक : नाचणी, गहू, साखर, वेलची. मी विचारही केला नव्हता. घरचं संपलं म्हणून सहा महिन्यांपूर्वी विकतचं आणायला लागले. सहा महिने!

राजगिरा लाडू. राजगिरा, गूळ. दुसरं काही लिहिलेलं नाही.

मला रडू आलं हो. मी तिला जपून जपून गहूच देत होते.

---

यारा_नदीकाठी | शुक्रवार, सकाळी ५:४०

शेवंती, असं म्हणू नकोस. २०० वरून ७१ तूच आणलास. पहिल्या वर्षी मी सोया सॉस खात होते, त्यात गहू असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

---

नमुना_क्रमांक_सात | शुक्रवार, सकाळी ८:१५

ताई, तुम्ही ज्या बारकाईने शोधलंत ते फार कमी जण करतात. आता यातलं मोठं काय आणि छोटं काय ते बघू.

अकरा दाणे म्हणजे साधारण ४४० मिलिग्रॅम गहू, म्हणजे ४४ मिलिग्रॅम ग्लुटेन एका किलोत. मुलगी दिवसाला १५० ग्रॅम पीठ खाते असं धरलं तर दाण्यांतून ६-७ मिलिग्रॅम. गिरणीतून किती ते नक्की सांगता येत नाही. पाच किलोच्या दळणात फक्त एक मोठा चमचा, ८ ग्रॅम कणीक आली असं धरलं, तरी रोजचे २४ मिलिग्रॅम होतात. दोन्ही मिळून तीसच्या आसपास. यात सत्त्व, हिंग, ओट्स धरलेलंच नाही.

२००७ मध्ये इटलीत एक अभ्यास झाला होता. सिलिॲक रुग्णांना तीन महिने रोज मोजून ग्लुटेन दिलं. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याचं नुकसान स्पष्ट दिसलं. म्हणून रोजचं १० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याकडे कल असतो. तुमच्या घरात सत्त्व धरून ५० कधीच ओलांडलं असणार, कारण सत्त्वात गहू घटक म्हणून आहे. चमचाभर सत्त्वात शेकड्याने मिलिग्रॅम जाऊ शकतं. माझ्या मते ७१ वर अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. तुम्ही ते सुरू केलंत तेही साधारण त्याच सुमाराला.

म्हणून क्रम असा : सत्त्व आज बंद. हिंग आज बंद. तांदळाच्या पिठाचं किंवा शुद्ध हिंगाचे खडे मिळतात, पण त्याचंही पाकीट वाचा. ओट्स बंद. मग गिरणी. मग दाणे.

---

फिट_अँड_फाइन_७८ | शुक्रवार, दुपारी १:१०

माझ्या आधीच्या सल्ल्याबद्दल माफ करा, मला हा आजार इतका वेगळा आहे हे माहीत नव्हतं. घरातली पाकिटं मीही वाचली. मसाला ओट्समध्ये माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलंय, म्हणजे त्यातही बार्लीचा माल्ट आला ना? आणि मल्टीमिलेट आट्यावर हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा नंबर दोन्ही आहे, तो तरी चालेल का?

---

नमुना_क्रमांक_सात | शुक्रवार, दुपारी ३:००

माल्टोडेक्स्ट्रिनचा बार्लीच्या माल्टशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं आहे. ते मका किंवा इतर स्टार्चपासून करतात. ज्याला घाबरायचं ते शब्द म्हणजे 'माल्ट', 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट', 'बार्ली माल्ट'. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींमध्ये हेच असतं.

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि तो चौदा आकडी नंबर म्हणजे उत्पादकाचा परवाना. दोन्हींचा ग्लुटेनशी काही संबंध नाही. मल्टीमिलेट आट्याच्या मागे पहिला घटक कोणता ते बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. बहुतेक पाकिटांवर पहिलं नाव गहूच असतं. 'रागी बिस्किटां'त पहिला मैदा असतो तसंच.

'व्हीट फ्री' लिहिलं म्हणजे ग्लुटेन फ्री नव्हे, बार्ली असू शकते. 'लो ग्लुटेन' म्हणजे २० ते १०० पीपीएम, ते सिलिॲकसाठी नाही. आणि 'मे कंटेन' लिहिलेलं नाही म्हणून भेसळ नाही असंही समजू नका. लाडवाच्या पाकिटावर काही लिहिलेलं नाही याचा अर्थ कुणी तपासलेलं नाही, इतकाच घ्यायचा. राजगिरा घरी फोडून लाडू करा.

---

शेवंतीची_वेणी | रविवार, रात्री ९:३०

नवीन घरघंटी घेतली. सासूबाईंनी त्यांच्या बचतीतून घेतली, मला विचारलंही नाही. तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि खाली खडूने लिहिलं, 'इथे गहू नाही'.

आता पद्धत अशी. ज्वारी अख्खी आणायची, दिव्याखाली निवडायची, दोन पाण्यांत धुऊन कापडावर दोन दिवस कडक वाळवायची, मग दळायची. धुतल्यावर पाण्यावर जो राखाडी फेस येतो, तो सुट्या पोत्यांमधली धूळ आणि पीठ असणार. नाचणी बारीक चाळणीने चाळते, गहू असेल तर वर राहतो. मागच्या किलोत तीन दाणे निघाले.

एक शंका. धुतल्यावर ज्वारी नीट वाळली नाही तर पीठ लवकर कडू होतं का? पहिल्या खेपेला थोडा वास आला.

---

जात्याचा_खुंटा | सोमवार, सकाळी ६:५०

हो, ओल राहिली की पीठ टिकत नाही आणि घरघंटीची जाळीही चोंदते. दाणा दाताखाली धरला की कट्कन तुटला पाहिजे. दबला तर अजून एक ऊन द्या. पावसाळ्यात धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली सुकवा, आणि एका वेळी दोन किलोच दळा.

---

शेवंतीची_वेणी | तीन महिन्यांनंतर, शनिवार, रात्री ८:१५

आज रिपोर्ट आला. ३४. मर्यादा २०, अजून वरच आहे, पण ६८ चे ३४ झाले. हिमोग्लोबिन ११.१. उंची तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली.

डॉक्टरांनी ओट्सबद्दल सांगितलं की टीटीजी मर्यादेत आल्यावर बोलू. याराताईंचं वाचल्यापासून माझं मन होत नाही, बघू.

वीणाताई, तुमच्या जावेच्या मुलाचं काय झालं?

---

मिरजेची_वीणा | शनिवार, रात्री ९:००

त्याचा ९२ आला. काहीही त्रास नसताना. मी तिला तीन वर्षं तांदळाचं सांगत होते, फार वाईट वाटलं. आता तिच्या गावात एकाकडे जुनी घरघंटी सहा हजारांत मिळतेय, चार वर्षं वापरलेली. आतून स्वच्छ पुसून देतो म्हणतोय. घ्यावी का?

---

जात्याचा_खुंटा | शनिवार, रात्री ९:२०

त्यावर चार वर्षं काय दळलं ते विचारा. गहू असेल तर घेऊ नका, ताई. पात्यांच्या मागे, दाराच्या रबरी पट्टीत आणि कापडी गाळणीत पीठ घट्ट बसलेलं असतं, ते पुसून जात नाही. आणि घेतलीच असेल तर गाळणी, जाळ्या आणि रबर नवीन टाका, आतला भाग मेकॅनिककडून पूर्ण उघडून घ्या, आणि पहिल्या दळणाचं पीठ मुलाला देण्याआधी प्रयोगशाळेत पाठवा. सातनंबरवाले दादा सांगतील किती पाठवायचं.

---

नमुना_क्रमांक_सात | शनिवार, रात्री ९:४५

तांदूळ पाठवा, ज्वारी नको. ज्वारीत दाण्यांतूनच गहू आला असेल तर दोष धान्याचा की घरघंटीचा ते कळणार नाही. दोन किलो तांदूळ नीट निवडून, धुऊन, वाळवून त्या घरघंटीत दळा, सगळं पीठ एकत्र कालवा आणि त्यातलं पाव किलो नव्या, बंद पिशवीत पाठवा. सोबत न दळलेला तोच तांदूळ वेगळ्या पिशवीत. दोन्ही पिशव्या कणीक कधीच न ठेवलेल्या जागी भरा.